जानेवारीचा पगार का घटला? कर्मचाऱ्याला द्यायच्या उत्तराबद्दल सल्ला हवा

शुभदा_पे
नमस्कार. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी पगाराचे काम पाहते. जानेवारी २०२६ ची पे-स्लिप गेल्यावर आमच्या टूलरूममधल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने मला मेल पाठवली. त्यांची परवानगी घेऊन, नाव वगळून ती येथे देत आहे.

"मॅडम, डिसेंबरपर्यंत माझ्या खात्यात दरमहा १,००,००० रुपये जमा होत होते. जानेवारीत ७४,०५२ आले. पगार कमी केल्याचे कोणतेही पत्र मला मिळालेले नाही. टीडीएसच्या रकान्यात २५,९४८ दिसतात. बारा लाखांपर्यंत कर नाही, असे आपणच एप्रिलमध्ये सूचनाफलकावर लावले होते. इन्सेन्टिव्ह धरून माझे उत्पन्न बारा लाखांच्या वर ९९,००० रुपये जाते, हे मला मान्य आहे. पण त्यावर १५ टक्के कर आणि उपकर मिळून १५,४४४ होतात. एका महिन्यातच २५,९४८ कसे कापले?"

त्यांचा एकूण मासिक पगार १,०२,०००, भविष्य निर्वाह निधी १,८०० आणि व्यवसाय कर २००, म्हणून हातात बरोबर एक लाख. त्यांनी नवी करप्रणाली निवडलेली आहे. वर्षात १,५०,००० रुपये इन्सेन्टिव्ह मिळाला आहे. मी तयार केलेले उत्तर असे आहे: "आयकर नियमांतील बदलांमुळे आपल्या वेतनातून नियमानुसार करकपात करण्यात आलेली आहे. ही कपात मार्चपर्यंत चालू राहील. याची नोंद घ्यावी." आमच्या साहेबांना हे पुरेसे वाटते. मला मात्र हे वाचून ते गृहस्थ दुसरी मेल पाठवतील, अशी खात्री वाटते. उत्तर कसे असावे?

खोडसाळ
"याची नोंद घ्यावी" हे वाक्य ज्या पत्राच्या शेवटी असते, त्या पत्रात नोंद घेण्यासारखे काही नसते, असा माझा बावीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव आहे.

कोरा_कागद
मला तर कर्मचाऱ्याचेच बरोबर वाटते. बारा लाखांच्या थोडे वर उत्पन्न गेले तर मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर लागत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने हा रिलीफ दिलेला दिसत नाही. आधी ते तपासा, उत्तराचे नंतर पाहता येईल.

जमाखर्च
शुभदाताई, तुमच्या मसुद्यातले पहिलेच वाक्य चुकीचे आहे, आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. जानेवारीत आयकराचा कोणताही नियम बदललेला नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दर एप्रिलपासून तेच आहेत. बदलले आहे ते या गृहस्थांचे वर्षभराचे अंदाजित उत्पन्न. "नियम बदलले" असे लिहिलेत, तर ते शेजारच्या मशीनवरच्या माणसाची पे-स्लिप पाहतील, त्यात कपात नसेल, आणि मग तुमच्या कोणत्याच आकड्यावर त्यांचा विश्वास राहणार नाही.

आता हिशेब. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांचे ९,१८,०००, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे ३,०६,००० आणि इन्सेन्टिव्हचे १,५०,००० मिळून १३,७४,००० होतात. प्रमाणित वजावट ७५,००० गेली की करपात्र उत्पन्न १२,९९,००० राहते. येथपर्यंत कर्मचारी आणि तुम्ही एकाच पानावर आहात.

त्यांची चूक पुढे होते, आणि ती अगदी स्वाभाविक चूक आहे. बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे, असे आपण बोलताना म्हणतो, पण कायदा तसे म्हणत नाही. कर पहिल्या चार लाखांनंतरच लागू होतो. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० असा साठ हजारांचा कर बारा लाखांवरही असतोच. उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर कलम ८७ए खाली तेवढीच सूट देऊन तो शून्य केला जातो. उत्पन्न बारा लाख ओलांडते तेव्हा ही सूट उठते आणि ते साठ हजार पुन्हा उभे राहतात. वरच्या ९९,००० वर १५ टक्क्यांनी १४,८५० होतात, तेवढेच त्यांनी धरले आहेत. एकूण ७४,८५०, त्यावर ४ टक्के उपकर २,९९४, म्हणजे ७७,८४४. तीन महिन्यांत भागले की २५,९४८. तुमचा आकडा रुपयापर्यंत बरोबर आहे.

कोरा_कागद, रिलीफचा नियम तुम्ही बरोबर सांगितला आहे, पण तो येथे लागू होत नाही. रिलीफ तेव्हाच मिळतो, जेव्हा कर हा बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त असतो. येथे वरची रक्कम ९९,००० आहे आणि कर ७४,८५०. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ झाले की हा रिलीफ संपतो.

कोरा_कागद
मान्य. मी रिलीफ सरसकट मिळतो असे समजत होतो. पण मग १२,१०,००० उत्पन्न असलेल्या माणसाला फक्त १०,००० कर लागेल, हे तरी बरोबर आहे ना?

जमाखर्च
जवळजवळ. रिलीफनंतर उरलेल्या १०,००० वर उपकर लागतोच, म्हणून १०,४०० भरावे लागतात. म्हणजे दहा हजार जास्त मिळवून तो माणूस चारशे रुपयांनी मागे जातो. या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया चार पैसे सोबत घेऊन जातो.

खोडसाळ
दहा हजार कमावून चारशे गमावायचे. आमच्या भिशीपेक्षाही वाईट.

मंदार_ठा
मी स्वतः कारखान्यात मशीनवर काम करतो, म्हणून मेल लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलतो. जमाखर्च यांचा हिशेब मला दोनदा वाचल्यावर पटला. पण माझ्या दृष्टीने यातला सर्वांत बोचरा आकडा अजून कोणी सांगितलेलाच नाही. इन्सेन्टिव्ह नसता, तर या माणसाला शून्य कर होता. १२,७५,००० पगारापर्यंत शून्यच राहिला असता, म्हणजे दीड लाखांपैकी पहिले ५१,००० पूर्ण त्याचे होते. पुढच्या ९९,००० रुपयांसाठी त्याला ७७,८४४ भरावे लागत आहेत. त्यातून त्याच्या हाती २१,१५६ राहतात. दीड लाखांतून एकूण ७२,१५६. टाळ्या वाजवून शिफ्टसमोर ज्या दीड लाखांचे पत्र दिले जाते, त्यातले निम्म्याहून जास्त परत जाणार आहेत, हे त्याच दिवशी कोणीतरी त्याच्या कानावर घालायला हवे होते. उत्तरात हा आकडा लपवू नका. तो स्वतः आज ना उद्या हा हिशेब करणारच आहे.

निवृत्त_मास्तर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. आम्हाला वेतन आयोगाची थकबाकी एकदम मिळाली तेव्हा असाच कर वाढला होता, आणि १०ई हा फॉर्म भरल्यावर कलम ८९ खाली सवलत मिळाली होती. या गृहस्थांनाही तोच मार्ग सांगावा. फॉर्म मात्र विवरणपत्र भरण्यापूर्वी भरावा लागतो, नाही तर सवलत नाकारल्याची नोटीस येते.

जमाखर्च
मास्तर, तुमचे प्रकरण मागच्या वर्षांच्या थकलेल्या पगाराचे होते. येथे इन्सेन्टिव्ह याच वर्षाच्या कामाचा असेल, तर ८९ चा प्रश्न येत नाही. शुभदाताई, तो कोणत्या काळातल्या कामाचा आहे, आणि प्रत्यक्ष कधी दिला? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जानेवारीत दिला असता, तर तो जानेवारीच्या पे-स्लिपमध्ये दिसला असता.

वाटेवरचा_वाटसरू
माझाही पगार जानेवारीतच घटला आहे. माझी जुनी करप्रणाली आहे. एप्रिलमध्ये मी महिना १५,००० घरभाडे जाहीर केले होते, पावत्याही दिल्या, पण घरमालक पॅन द्यायला तयार नाहीत. ऑफिसने सगळे घरभाडे अमान्य करून तीन महिन्यांत कर कापायला घेतला आहे. मग याही गृहस्थांनी पावत्या दिल्या नसतील का?

अपर्णा_ना
वाटसरू, नव्या करप्रणालीत घरभाड्याची सवलतच नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पावत्यांचा संबंध येत नाही. तुमच्या बाबतीत वार्षिक भाडे एक लाखाच्या वर आहे, म्हणून मालकाचा पॅन ऑफिसला घ्यावाच लागतो. प्रत्यक्ष भाडे भरल्याचा बँकेतला पुरावा आणि करारनामा तुमच्याकडे असेल, तर विवरणपत्रात सवलत मागून परतावा घेता येतो. ऑफिसने अमान्य केले म्हणजे कायमचे गेले, असे नाही. तोपर्यंत पैसे अडकून राहतात, एवढे खरे.

मी नाशिकला पगाराचेच काम करते. शुभदा, जमाखर्च यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अंदाजाने ठाऊक आहे. इन्सेन्टिव्ह डिसेंबरअखेरीस वेगळ्या शीटवर दिला गेला असणार.

शुभदा_पे
अपर्णा, तुमचा अंदाज अचूक आहे. काम एप्रिल ते नोव्हेंबर या काळातले आहे. डिसेंबरचे पगारपत्रक बंद झाल्यावर वरून यादी आली आणि ३१ डिसेंबरला पूरक शीट करून रक्कम थेट बँकेत टाकली. त्यावर टीडीएस कापला गेला नाही. जानेवारीत ती रक्कम सॉफ्टवेअरमध्ये भरल्यावर उरलेल्या तीन महिन्यांत कर विभागला गेला.

जमाखर्च
मग उत्तरात हेही लिहावे लागेल. पगारावरचा टीडीएस पैसे देताना कापायचा असतो. डिसेंबरमध्येच हिशेब केला असता, तर ७७,८४४ चार महिन्यांत विभागून दरमहा १९,४६१ आले असते. म्हणजे कर किती, याचे उत्तर कायद्याकडे आहे, आणि एका महिन्यात २५,९४८ का, याचे उत्तर तुमच्या ऑफिसकडे आहे. कर्मचाऱ्याने नेमका हा दुसरा प्रश्न विचारला आहे, आणि तुमचा मसुदा फक्त पहिल्याकडे बोट दाखवतो.

शिवाय डिसेंबरचा कर न कापल्याबद्दल कंपनीवर कलम २०१(१ए) खाली महिन्याला १ टक्का व्याजाचा बोजा येऊ शकतो. ते व्याज कंपनीने भरायचे असते, कर्मचाऱ्याकडून वसूल करायचे नसते.

अपर्णा_ना
व्याजाबद्दल मी सहमत नाही. कलम १९२(३) मध्ये स्पष्ट आहे की आधी जास्त झालेली, कमी झालेली किंवा राहून गेलेली कपात त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या कपातीत जुळवून घेता येते. जानेवारीपासून जुळवले, मार्चपर्यंत पूर्ण होईल, मग चूक कसली? आमच्याकडे तर कित्येक वर्षे जानेवारी ते मार्चमध्येच जुळवाजुळव होते.

जमाखर्च
ते कलम खऱ्याखुऱ्या अंदाजातल्या फरकासाठी आहे, असे माझे मत. यादी हातात असताना, रक्कम देताना शून्य कापणे आणि मग १९२(३) ची ढाल पुढे करणे मला पटत नाही. तपासणीत यावर दोन्ही बाजूंनी वाद होताना मी पाहिले आहे.

अपर्णा_ना
आपण दोघे यावर एकमत होऊ, असे वाटत नाही. पण हा वाद कंपनी आणि खात्यातला आहे. कर्मचाऱ्याच्या उत्तरात तो आणू नये, यावर तरी तुम्ही सहमत व्हाल.

मात्र सॉफ्टवेअरबद्दल एक सांगते. एकरकमी रकमेवरचा कर त्याच महिन्यात पूर्ण कापायचा की उरलेल्या महिन्यांत विभागायचा, याची निवड बहुतेक पॅकेजमध्ये असते. आमच्याकडे त्याच महिन्यात पूर्ण कापतात. दीड लाख हातात येतानाच ७७,८४४ वजा झाले, तर माणूस एकदाच चिडतो. नंतरचे तीन पगार नेहमीचेच येतात आणि घराचा हप्ता चुकत नाही.

मंदार_ठा
हे शंभर टक्के खरे. दीड लाख आले, त्यातून मुलीची फी गेली, सोसायटीची थकबाकी गेली, आणि नंतर पगार पाऊण झाला. कर्मचाऱ्याचा राग करावर कमी आणि या क्रमावर जास्त असणार.

एक विचारतो. तो आता जुन्या करप्रणालीत गेला, तर? त्याचे घरकर्ज असेल, विमा असेल.

जमाखर्च
वर्षाच्या मध्यात ऑफिस बदल मान्य करीलच असे नाही, पण विवरणपत्र भरताना, मुदतीच्या आत, त्याला निवड करता येते. फायदा मात्र दिसत नाही. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० धरू. वर ८०सीचे पूर्ण दीड लाख आणि घरकर्जाच्या व्याजाचे पूर्ण दोन लाख दिले, तरी करपात्र उत्पन्न ९,७१,५०० उरते आणि उपकरासह कर १,११,०७२ येतो. नव्या प्रणालीतल्या ७७,८४४ पेक्षा तेहतीस हजारांनी जास्त. मोठे घरभाडे सुटणारे असेल, तरच पुन्हा आकडेमोड करावी.

आणि कोणीतरी त्याला "मार्चमध्ये पीपीएफमध्ये दीड लाख टाक, कर वाचेल" असे नक्की सांगणार. नव्या प्रणालीत त्याचा कराला काडीचाही उपयोग नाही, हे उत्तरात एका वाक्यात लिहून टाका.

कोरा_कागद
"टीडीएस कापू नका, मी १५ मार्चच्या आत आगाऊ कर स्वतः भरतो" असे त्याने लिहून दिले, तर?

जमाखर्च
पगारावर ते चालत नाही. कापण्याची जबाबदारी मालकाची आहे, कर्मचाऱ्याच्या पत्राने ती जात नाही. आणि मार्चच्या पुढे हप्ताही ढकलता येत नाही, कारण वर्ष तेथे संपते. आता फार तर एवढे करता येईल, की जानेवारी झालाच आहे, उरलेले ५१,८९६ फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कमी-जास्त विभागायचे. फेब्रुवारीत त्याची काही मोठी अडचण असेल, तर विचारा. पण मग मार्च अधिक जड जाईल, हेही सांगा.

निवृत्त_मास्तर
इन्सेन्टिव्ह मागच्या वर्षाच्या कामाचा असता, पण यंदा जाहीर झाला असता, तर १०ई चालला असता का? आमच्या भाच्याच्या बाबतीत हा प्रश्न आहे.

जमाखर्च
तो मागच्या वर्षीच देय झाला होता, की यंदा व्यवस्थापनाच्या मर्जीने जाहीर झाला, यावर ते ठरेल. पत्रातला मजकूर पाहिल्याशिवाय सांगणे धोक्याचे आहे.

शुभदा_पे
सर्वांचे आभार. साहेबांशी बरीच चर्चा झाली. "ऑफिसकडून उशीर झाला" हे वाक्य त्यांना नको होते. मी तारखाच मांडल्यावर त्यांनी संमती दिली. आज गेलेले उत्तर असे आहे.

"आपल्या मूळ पगारात कोणतीही कपात झालेली नाही. आपल्याला ३१ डिसेंबरला मिळालेल्या १,५०,००० रुपयांमुळे वर्षाचे करपात्र उत्पन्न १२,९९,००० झाले आहे. बारा लाखांच्या आत उत्पन्न असताना जो ६०,००० रुपयांचा कर सूट देऊन माफ होतो, ती सूट बारा लाख ओलांडल्यावर मिळत नाही. आपल्या हिशेबात वरच्या ९९,००० वरचा १४,८५० कर बरोबर धरला आहे. त्यात हे ६०,००० आणि एकूण रकमेवरचा ४ टक्के उपकर मिळवला की ७७,८४४ होतात. सूचनाफलकावरच्या आमच्या मजकुरात ही बाब लिहिलेली नव्हती, तो मजकूर आम्ही दुरुस्त करीत आहोत. इन्सेन्टिव्ह देताना डिसेंबरमध्येच करकपात सुरू झाली असती, तर ती दरमहा १९,४६१ आली असती. आमच्याकडून ती जानेवारीत सुरू झाल्याने २५,९४८ आली आहे. एकूण कर दोन्ही प्रकारे सारखाच आहे. ही पूर्ण रक्कम आपल्या पॅनवर जमा होईल आणि फॉर्म १६ मध्ये दिसेल. आता केलेल्या विमा किंवा पीपीएफच्या गुंतवणुकीने नव्या करप्रणालीत हा कर कमी होणार नाही. फेब्रुवारी आणि मार्चच्या कपातीच्या विभागणीबाबत आपली काही अडचण असल्यास १५ फेब्रुवारीपूर्वी प्रत्यक्ष येऊन भेटावे."

मंदार यांनी सांगितलेला ७२,१५६ चा आकडा पत्रात घालायला साहेब तयार झाले नाहीत. तो मी भेटीत तोंडी सांगणार आहे.

मंदार_ठा
चालेल. चहा पाजून सांगा.

अपर्णा_ना
पत्र चांगले झाले आहे. आणखी एक गोष्ट आत्ताच पाहून ठेवा. एप्रिलमध्ये दर हेच राहिले आणि या गृहस्थांना ५ टक्के पगारवाढ मिळाली, तर वार्षिक पगार १२,८५,२०० होईल, करपात्र १२,१०,२००. तेव्हा मात्र मार्जिनल रिलीफ लागू होईल आणि कर १०,६०८ येईल. तुमचे सॉफ्टवेअर रिलीफ देते की नाही, हे कोरा_कागद यांनी सुरुवातीला विचारले होते. ती तपासणी तेव्हा खरोखर लागेल.

कोरा_कागद
म्हणजे मी चुकलो नव्हतो, तीन महिने आधी बोललो.

शुभदा_पे
मार्च उजाडल्यावर कळवत आहे. गृहस्थ येऊन भेटले होते. ७२,१५६ ऐकून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आधी सांगितले असते, तर फीचे पैसे तरी बाजूला काढले असते." विभागणी त्यांना आहे तशीच हवी होती. नवा मजकूर सूचनाफलकावर लागला आहे, आणि पुढच्या वेळी पूरक शीट टीडीएस कापूनच जाईल, असे साहेबांनी लेखी दिले आहे.

काल फेब्रुवारीची पे-स्लिप गेली. आज सकाळी त्यांची मेल आली आहे: "मॅडम, टीडीएस समजला, तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात ७४,०५२ आले होते, या महिन्यात ७३,९५२ आले आहेत. हे शंभर रुपये कसले?"

खोडसाळ
फेब्रुवारीतला व्यवसाय कर! दोनशेचे तीनशे! ताई, या वेळी नोंद घ्यायला सांगाच.